रेषेबाहेरचे बिंदू

प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जाऊन फेराइटवरचा प्रबंध उघडला, तर त्यात एक आलेख बहुधा सापडतोच. आडव्या अक्षावर जस्ताचं प्रमाण x, उभ्या अक्षावर लॅटिस पॅरामीटर a, पाच-सहा बिंदू आणि त्यांच्यातून काढलेली सरळ रेषा. खाली एक ओळ असते: जस्त वाढतं तसा लॅटिस पॅरामीटर सरळ रेषेत वाढतो, म्हणजे वेगार्डचा नियम पाळला जातो. एखादा बिंदू रेषेच्या खाली घसरलेला असला तर त्याच्या वाट्याला ‘किंचित विचलन’ एवढेच दोन शब्द येतात आणि प्रकरण पुढे सरकतं. हे पुस्तक त्या घसरलेल्या बिंदूबद्दल आहे. तो का घसरला, हे त्याच एक्सआरडीच्या आलेखातून बरंचसं काढता येतं. मात्र प्रश्न योग्य क्रमानं विचारावे लागतात, आणि तो क्रम कसा असावा हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

नियम ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते लार्स वेगार्ड नॉर्वेचे. ध्रुवीय प्रकाशाचे अभ्यासक म्हणूनही ते तितकेच ओळखले जातात. पोटॅशियम क्लोराइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड यांच्या मिश्र स्फटिकांवरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध 1921 साली प्रसिद्ध झाला. आज आपल्या यंत्रावर तोच प्रयोग केला तर काय दिसेल ते पाहू. दोन्ही क्षारांची रचना एकच, मिठासारखी. क्लोराइडच्या घनाकृती पेशीची बाजू 6.293 अँगस्ट्रॉम, ब्रोमाइडची 6.600. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण वापरले तर (200) या प्रतलांचं शिखर क्लोराइडमध्ये 28.34 अंशांवर येतं आणि ब्रोमाइडमध्ये 27.00 अंशांवर. दोन्ही पुडी खलात घालून नुसती एकत्र केली तर आलेखावर ही दोन्ही शिखरं आपापल्या जागी उभी राहतात. तेच मिश्रण वितळवून गार केलं तर दोन्ही नाहीशी होतात आणि त्यांच्या मधोमध, सुमारे 27.65 अंशांवर, एकच शिखर उगवतं. क्लोरीन आणि ब्रोमीनचे आयन एकाच जालकात विखुरले गेले, घन द्रावण तयार झालं, याचा याहून थेट पुरावा नाही.

ब्रोमाइड आयनाची त्रिज्या क्लोराइडपेक्षा 0.15 अँगस्ट्रॉमनं मोठी आहे. पेशीच्या एका कडेवर असा एक अख्खा आयन, म्हणजे दोन त्रिज्या, बसतात. तेव्हा सगळं क्लोरीन काढून ब्रोमीन घातलं की कड 0.30 नं लांबावी. प्रत्यक्षात ती 0.307 नं लांबते. निम्मं ब्रोमीन घातलं की वाढ निम्मी. नियम एवढाच: घन द्रावणाचा लॅटिस पॅरामीटर हा दोन टोकांच्या पॅरामीटरांची प्रमाणानुसार काढलेली सरासरी असतो.

यात ‘सरासरी’ हा शब्द अक्षरशः घ्यायचा आहे. विवर्तनाला दिसतं ते लक्षावधी पेशींचं सरासरी जालक. प्रत्येक अणू आपल्या शेजाऱ्यापासून नेमका किती अंतरावर बसला आहे, हे शिखराच्या जागेवरून कळत नाही. मिकेल्सन आणि बॉइस यांनी 1982 साली इंडियम-गॅलियम आर्सेनाइडवर क्ष-किरण शोषणाच्या सूक्ष्मरचनेतून हे दाखवून दिलं. त्या मिश्रधातूचा लॅटिस पॅरामीटर वेगार्डच्या रेषेवर चालतो. त्या हिशेबानं सरासरी बंध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 0.17 अँगस्ट्रॉमनं लांबायला हवा. पण प्रत्यक्षातले गॅलियम-आर्सेनिक आणि इंडियम-आर्सेनिक बंध आपापल्या मूळ लांबीला जवळपास धरून राहतात. फरक पडतो तो 0.04 च्या आसपास. म्हणजे जालक सरळ रेषेत चालत असतानाही आतले बंध सगळे एकसारखे झालेले नसतात. बिंदू रेषेवर आला म्हणजे आत सगळं समसमान आहे, असा निष्कर्ष काढणं त्यामुळे धोक्याचं आहे.

पुस्तकातलं मुख्य उदाहरण मी निकेल-झिंक फेराइटचं निवडलं आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तो सतत बनवला जातो आणि विचलनाची जवळजवळ सगळी कारणं या एकाच मालिकेत भेटतात. सूत्र Ni₁₋ₓZnₓFe₂O₄. स्पिनेल रचनेत ऑक्सिजनच्या दाट रचलेल्या थरांमध्ये दोन प्रकारच्या पोकळ्या असतात. चार ऑक्सिजननी वेढलेली लहान जागा A, सहांनी वेढलेली मोठी जागा B. निकेलला B आवडते, जस्ताला A. म्हणून जस्त वाढवत नेताना जस्त थेट निकेलच्या खुर्चीवर जाऊन बसत नाही. ते A मध्ये शिरतं, तिथल्या लोहाला B मध्ये ढकलतं, आणि ते लोह निकेलनं रिकाम्या केलेल्या जागी बसतं.

या अदलाबदलीचा हिशेब त्रिज्यांवरून करता येतो. A मध्ये 0.49 अँगस्ट्रॉम त्रिज्येच्या लोहाऐवजी 0.60 चं जस्त येतं, म्हणून ती जागा फुगते. B मध्ये 0.69 च्या निकेलऐवजी 0.645 चं लोह येतं, म्हणून ती किंचित आकसते. स्पिनेलसाठी वापरात असलेल्या सूत्रात या आकड्यांसोबत ऑक्सिजनची त्रिज्या 1.38 धरली, तर निकेल फेराइटचा लॅटिस पॅरामीटर 8.339 निघतो, मोजमापाशी थेट जुळणारा. झिंक फेराइटचा 8.448 निघतो, मोजलेला 8.441 आहे. टोकाटोकांतला मोजलेला फरक 0.102 अँगस्ट्रॉम. पुढचं सगळं या 0.102 च्या पट्ट्यात घडतं, म्हणून तो आकडा लक्षात ठेवावा.

समजा x = 0.6 चा नमुना केला. रेषेप्रमाणे a = 8.400 यायला हवा, आणि आला 8.392. बिंदू 0.008 नं खाली. आता काय?

सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो उभ्या अक्षावर, म्हणजे आपल्याच मोजमापावर. फेराइटमध्ये सगळ्यात ठळक शिखर (311) चं, आणि पुष्कळदा लॅटिस पॅरामीटर त्या एकाच शिखरावरून काढला जातो. पूर्ण मालिकेत, निकेल फेराइटपासून झिंक फेराइटपर्यंत, हे शिखर 35.68 वरून 35.23 अंशांवर सरकतं. अख्खा प्रवास साडेचार दशांश अंशांपेक्षाही कमी. आता धारकात पूड भरताना ती काठापेक्षा 0.1 मिलिमीटर वर राहिली असं धरा. गोनिओमीटरची त्रिज्या 200 मिलिमीटर असेल तर एवढ्यानं शिखर 0.055 अंशांनी पुढे जातं. पॅरामीटर 0.012 अँगस्ट्रॉमनं कमी भासतो. आपल्या बिंदूचं सगळं विचलन 0.008 चं होतं. काचेच्या पट्टीनं पूड नीट सपाट न केल्यानं त्याहून मोठं विचलन उभं राहू शकतं. एकाच (311) वरून काढलेला a चार दशांश स्थळांपर्यंत छापलेला मी पाहतो तेव्हा म्हणूनच मला वाईट वाटतं. त्या आकड्यामागे मेहनत असते, पण त्यातल्या तिसऱ्या स्थळाचाही भरवसा देता येत नाही.

या चुकीची ओळख सोपी आहे, कारण ती सगळ्या शिखरांना सारखी छळत नाही. तेच 0.1 मिलिमीटर, पण 90 अंशांजवळच्या (731) शिखरावरून a काढला तर चूक 0.003 वर येते, म्हणजे चौथाईवर. तेव्हा प्रत्येक शिखरावरून वेगळा a काढावा आणि तो कोनाबरोबर पद्धतशीर वाढतो किंवा घटतो का ते पाहावं. वाढत-घटत असेल तर दोष बैठकीचा. नेल्सन आणि रायली यांनी 1945 मध्ये सुचवलेल्या फलनावर हे सगळे a मांडून रेषा 180 अंशांपर्यंत वाढवली, की बैठकीची चूक शून्यावर येते आणि हाती येतो तो खरा पॅरामीटर. त्याहून निर्धास्त मार्ग म्हणजे फेराइटच्या पुडीतच थोडं शुद्ध सिलिकॉन मिसळणं. त्याचं पहिलं शिखर 28.44 अंशांवर यायलाच हवं. आलं नाही तर किती सरकलं ते तिथल्या तिथे कळतं.

उभा अक्ष निर्दोष ठरला आणि बिंदू तरीही खालीच राहिला, तर वळायचं आडव्या अक्षाकडे. x = 0.6 हा आकडा आपण वजनकाट्यावर ठरवला होता. भट्टीनं तो तसाच ठेवला का? जस्त हा या मालिकेतला निसटणारा घटक आहे. 1200 अंश सेल्सिअसच्या वर नमुना तासन् तास ठेवला, की पृष्ठभागावरून जस्ताची वाफ होऊन जाते. 8.392 वरून रेषेनं उलट वाचलं तर x = 0.52 मिळतो, म्हणजे हा बिंदू कदाचित रेषेबाहेर नाहीच, तो फक्त आडव्या अक्षावर चुकीच्या जागी मांडला गेला आहे. नियम शाबूत आहे, आपलं लेबल चुकलं आहे. माझ्या मते सिरॅमिक पद्धतीनं केलेल्या नमुन्यांतली बरीचशी ‘विचलनं’ या जातीची असतात.

याची खूण विवर्तनात आणखी एका ठिकाणी उमटते. जस्त पृष्ठभागाकडून जातं, गाभ्यातून नाही. म्हणून गोळीच्या वरच्या थराचा पॅरामीटर लहान, आतल्याचा मोठा, आणि शिखराला मोठ्या कोनाच्या बाजूला शेपूट फुटतं. गोळी थोडी घासून वरचा थर काढावा आणि पुन्हा मोजावं. शिखर लहान कोनाकडे सरकलं, म्हणजे a वाढला, तर जस्त उडाल्याचं जवळपास सिद्ध झालं. मात्र यावरून किती जस्त गेलं ते काढताना सावध राहायला हवं. जस्ताबरोबर ऑक्सिजनही जातो आणि काही लोह द्विसंयुजी होतं. त्या लोहाची B मधली त्रिज्या 0.78, म्हणजे त्रिसंयुजीपेक्षा बरीच मोठी, आणि ते जालकाला उलट फुगवतं. थोडक्यात, जस्त गेल्याचं आकसणं अंशतः झाकलं जातं, आणि 8.392 वरून वाचलेला 0.08 हा ऱ्हास खऱ्याहून कमी असू शकतो. नमुन्याचा विद्युत रोध एकाएकी घसरला असेल तर या द्विसंयुजी लोहावर बोट ठेवता येतं. खरा x मात्र रासायनिक विश्लेषणातूनच घ्यावा. लॅटिस पॅरामीटरवरून x काढायचा आणि मग त्याच x विरुद्ध तोच पॅरामीटर मांडून रेषा सरळ आली म्हणायचं, असं करून चालत नाही.

आडवा अक्ष बिघडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे अपुरी अभिक्रिया. लोहाचा काही भाग हेमाटाइट म्हणून तसाच उरला तर स्पिनेलमधलं प्रमाण आपण ठरवलेलं उरत नाही. इथे एक सापळा आहे. हेमाटाइटचं एक जोरदार शिखर 35.6 अंशांच्या आसपास, नेमकं फेराइटच्या (311) च्या पोटात दडतं. शोधायचं ते दुसरं, 33.15 अंशांवरचं, कारण तिथे स्पिनेलचं काही नसतं. त्यातही तांब्याच्या नळीचे किरण लोहाला प्रतिदीप्त करतात आणि तळरेषा वर उचलली जाते. बारीक शिखर त्या गोंधळात बुडून जातं. विवर्तित किरणांच्या वाटेवर मोनोक्रोमेटर असेल किंवा कोबाल्टची नळी वापरता आली तर ते वर येतं. कोबाल्टच्या नळीवर सगळे कोन बदलतात, हे मात्र विसरू नये.

आता समजा बैठक ठीक, विश्लेषणात x = 0.60, हेमाटाइट नाही, आणि a तरीही 8.392. मग प्रश्न खरोखर रचनेकडे जातो: जस्त सगळं A मध्येच बसलंय का? उच्च तापमानाला भाजून सावकाश गार केलेल्या नमुन्यात ते बहुतेक तसंच बसतं. पण सहअवक्षेपणानं कमी तापमानाला केलेल्या, किंवा बॉल मिलमध्ये दळलेल्या काही नॅनोमीटरच्या कणांत जस्ताचा काही भाग B मध्ये अडकून राहतो आणि तेवढंच लोह A मध्ये येतं. वरचाच त्रिज्यांचा हिशेब लावा. A आकसते, B फुगते, दोन्हींची वजाबाकी होऊन पेशी थोडी लहान होते. सूत्रातला 0.2 भाग जस्त असं चुकीच्या जागी असेल तर घट येते 0.0085 अँगस्ट्रॉमची.

म्हणजे 0.08 जस्त उडून गेलं काय किंवा 0.2 जस्त चुकीच्या जागी बसलं काय, लॅटिस पॅरामीटर जवळपास तेवढाच घटतो. एकट्या शिखराच्या जागेवरून हे दोन वेगळे करता येणार नाहीत. तिथे शिखरांची उंची, नेमकं म्हणजे त्यांचं क्षेत्रफळ, कामाला येतं. (220) या शिखरात धातूंपैकी फक्त A जागांवरच्या अणूंचा वाटा असतो, (222) मध्ये फक्त B जागांवरच्यांचा; त्यांच्या गुणोत्तरावरून कोण कुठे आहे याचा अंदाज येतो. पण क्ष-किरण इलेक्ट्रॉन मोजतात, आणि लोहाचे 26, निकेलचे 28, जस्ताचे 30 इतके जवळजवळ आहेत की हा अंदाज ढोबळच राहतो. न्यूट्रॉनना मात्र जस्त बाकीच्या दोघांपासून वेगळं दिसतं. लोह आणि निकेल न्यूट्रॉनना जवळपास सारख्या ताकदीनं विखुरतात, जस्त त्यांच्या साठ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे जस्त कुठे बसलं ते थेट वाचता येतं. या मालिकेच्या बाबतीत हा मार्ग आपल्या अगदी जवळचा आहे. एन. एस. सत्यमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्भ्याला निकेल-झिंक फेराइटांवर न्यूट्रॉन विवर्तन करून 1969 मध्ये त्यांच्या चुंबकीय रचनेतले याफेट-किटेल कोन प्रसिद्ध केले. तो निबंध आजही या मालिकेवर काम करणाऱ्यांना वाचावा लागतो. आज विद्यापीठातल्या संशोधकांना ध्रुव अणुभट्टीवरच्या न्यूट्रॉन विवर्तनमापीपर्यंत पोहोचण्याची सोय आहे, आणि असा प्रश्न पडलेला असेल तर तो अर्ज करण्याजोगा आहे.

शिखराच्या जागेबरोबर त्याची रुंदीही पाहावी, असं मी आग्रहानं सांगेन. बिंदू रेषेवर अचूक बसलेला असतो आणि नमुना तरीही एकजीव नसतो, असं होतं. काही कणांत x = 0.55, काहींत 0.65, सरासरी 0.60. शिखराचा मध्य रेषेवरच येईल. पण हा फरक (311) मध्ये सुमारे 0.04 अंशांचा आणि (731) मध्ये 0.14 अंशांचा पसारा निर्माण करतो. चांगल्या नमुन्यात 90 अंशांजवळ तांब्याच्या नळीच्या दोन जवळच्या तरंगलांब्यांची शिखरं 0.28 अंशांनी विलग होऊन दोन दिसतात. एकजीव नसलेल्या नमुन्यात ती एकमेकांत मिसळून एक बोजड टेकडी उरते. मालिकेची दोन्ही टोकं रेखीव आणि मधले नमुने रुंद असतील तर कारण बहुधा हेच, कारण टोकांना प्रमाण बदलायला वावच नसतो. उपाय दळण्याचा आणि पुन्हा भाजण्याचा. रुंदी कमी होईपर्यंत.

आतापर्यंतच्या मालिकेत दोन्ही टोकं एकमेकांत हव्या त्या प्रमाणात विरघळतात. सगळ्याच जोड्या तशा नसतात. साधं मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड तापलेले असताना एकमेकांत विरघळतात, पण सावकाश गार केले की वेगळे होतात. अशा जोडीत x विरुद्ध a चा आलेख काढला तर बिंदू सुरुवातीला रेषेवर चढतात आणि एका जागी थबकतात. पुढे x वाढवला तरी शिखर हलत नाही. दुसऱ्या प्रावस्थेचं शिखर दिसू लागतं आणि वाढत जातं. या सपाट भागाला वक्र समजून त्यातून गुळगुळीत रेघ ओढणं ही मोठी चूक, कारण तो कोपरा म्हणजेच विद्राव्यतेची मर्यादा. ती तापमानावर अवलंबून असल्यानं नमुना किती वेगानं गार केला हे नोंदवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

शेवटचा भाग खऱ्या वक्रतेचा. त्यासाठी पुस्तकात सिलिकॉन-जर्मेनियम घेतलं आहे. दोन्हींची रचना हिऱ्याची, दोन्ही हव्या त्या प्रमाणात विरघळतात, जागा एकाच प्रकारच्या, म्हणून कोण कुठे बसलं हा प्रश्नच नाही, आणि काही उडूनही जात नाही. सिलिकॉनचा पॅरामीटर 5.431, जर्मेनियमचा 5.658. डिसम्यूक्स, एकस्ट्रॉम आणि पॅफ यांनी 1964 मध्ये या मिश्रधातूंचे पॅरामीटर आणि सोबत घनताही मोजली. त्यांच्या मोजमापांना बसणारं समीकरण आजही वापरलं जातं:

a(x) = 5.431 + 0.20x + 0.027x²

मधोमध, x = 0.5 ला, सरळ रेषा 5.5445 सांगते आणि समीकरण 5.5378. तफावत 0.007 अँगस्ट्रॉम. फेराइटमध्ये जेवढी तफावत भट्टीतून किंवा पुडीच्या बैठकीतून येत होती तेवढीच, पण इथे ती पदार्थाची आहे. सरळ रेषेवर विसंबून 5.5378 वरून जर्मेनियम वाचलं तर 47 टक्के येईल, खरं आहे 50. सिलिकॉनवर वाढवलेल्या पातळ थरात हा तीन टक्क्यांचा फरक थराच्या ताणाचा हिशेब बिघडवतो, म्हणून तिथे वेगार्डची रेषा न वापरता हे समीकरण वापरतात.

वक्र नेहमी असा थोडासाच वाकतो असंही नाही. चांदी 4.086 आणि सोनं 4.078, त्यांच्या मिश्रधातूचा पॅरामीटर दोघांहूनही खाली उतरतो. तांबं आणि सोनं यांच्यात तो उलट रेषेच्या वर जातो. त्रिज्यांच्या सरासरीतून यातलं काहीच निघत नाही, कारण तिथे अणू नुसते चेंडू राहत नाहीत. शेजाऱ्याप्रमाणे त्यांचं इलेक्ट्रॉनी आवरण बदलतं आणि दोन भिन्न अणूंमधला बंध दोघांच्या सरासरीपेक्षा आखूड किंवा लांब पडतो. पण अशी वक्रता आपल्या नमुन्यात सापडली असं लिहिण्याआधी वाचकानं पहिल्या चार प्रकरणांतल्या तपासण्या त्याच क्रमानं कराव्यात: सिलिकॉन मिसळून घेतलेला a, रासायनिक विश्लेषणातला x, 33.15 अंशांसारख्या मोकळ्या जागेवरची तळरेषा, आणि 90 अंशांजवळच्या शिखराची रुंदी. प्रबंधातल्या तक्त्यात a शेजारी त्याची अनिश्चितता आणि ठरवलेल्या x शेजारी मोजलेला x, असे आणखी दोन स्तंभ त्यासाठी लागतील.